व्यवसायाच्या खात्यातून चुकीचा हप्ता नावे पडला, तर बँकेला पत्र कसे लिहावे : रद्द केलेल्या मँडेटचे एक प्रकरण

आमचा साताऱ्यात छोटा छपाईखाना आहे आणि त्याचे सगळे व्यवहार एका बँकेतील कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी, खात्यातून होतात. 2025 च्या एप्रिलमध्ये या खात्यातून 48,600 रुपयांचा एक हप्ता नावे पडला. छपाई यंत्रासाठी फायनान्स कंपनीकडून घेतलेल्या ज्या कर्जाचा तो हप्ता होता, ते कर्ज आम्ही 28 फेब्रुवारीलाच पूर्ण फेडले होते आणि हप्ता कापून घेण्याची परवानगी, म्हणजे मँडेट, रद्द करण्याचे पत्र 12 मार्चला बँकेत दिले होते. पैसे परत मिळाले, पण आधी मूळ रक्कम, मग दंड व व्याज आणि शेवटी नुकसानभरपाई अशा तीन वेगवेगळ्या तुकड्यांत, आणि शेवटचा तुकडा येईपर्यंत महिना उलटला. या काळात ज्या गोष्टी मला उशिरा कळल्या त्या तुम्हाला पहिल्याच दिवशी कळाव्यात, म्हणून हा लेख क्रमवार लिहीत आहे.

चुकीची नावे नोंद अनेक प्रकारची असते. हा लेख त्यांतील एकाच प्रकारावर आहे : नॅचमधून, म्हणजे कर्जाचे हप्ते, विमा किंवा वर्गणी आपोआप कापून घेण्याच्या यंत्रणेतून, मँडेट रद्द केल्यानंतरही रक्कम कापली जाणे. ओटीपी चोरून किंवा खात्यात घुसून कोणी पैसे काढले असतील, तर तो वेगळा विषय आहे. तेव्हा पत्र लिहीत न बसता आधी बँकेला फोन करून खाते रोखावे आणि 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण तेथे उशिराचा प्रत्येक दिवस खातेदाराची जबाबदारी वाढवू शकतो.

१. आधी नोंद नीट वाचा

खातेउताऱ्यावर अशी नोंद बहुधा `ACH D` या अक्षरांनी सुरू होते. त्यापुढे रक्कम मागणाऱ्या संस्थेचे नाव, कधी त्याचे तोडके रूप, आणि एक संदर्भ क्रमांक असतो. मोबाइलवरच्या संदेशात ही माहिती अपुरी येते, म्हणून नेट बँकिंगमधून त्या दिवसाचा उतारा पीडीएफमध्ये उतरवून घ्या. पुढे कुठल्याही अधिकाऱ्यापुढे हाच कागद ठेवावा लागतो.

उताऱ्यात दोन तारखा असतात, व्यवहाराची तारीख आणि मूल्य तारीख. बचत खात्याच्या ग्राहकाने दुसऱ्या तारखेकडे क्वचितच लक्ष दिलेले असते. सीसी किंवा ओव्हरड्राफ्ट खात्यात मात्र व्याज मूल्य तारखेपासून मोजले जाते, त्यामुळे या प्रकरणात ती तारीख पैशाइतकीच महत्त्वाची ठरते. ती पत्रात लिहायची आहे, म्हणून आत्ताच टिपून ठेवा.

तिसरी गोष्ट मँडेटचा क्रमांक. प्रत्येक नॅच मँडेटला यूएमआरएन नावाचा वीस अक्षरांचा क्रमांक असतो. तो मँडेटच्या मूळ कागदावर असतोच असे नाही, कारण मँडेट नोंदले गेल्यावर तो तयार होतो. नेट बँकिंगमध्ये मँडेटच्या यादीत तो दिसतो, आणि तेथे न दिसल्यास शाखेत मागावा. हा क्रमांक पत्रात नसेल, तर मुख्य कार्यालयातील ज्या विभागाकडे प्रकरण जाते त्याला तुमची नोंद शोधायला वेळ लागतो आणि पत्र ‘अपुरी माहिती’ असा शेरा घेऊन परत येते.

२. चूक कोणाची, हे ठरवल्याशिवाय पत्र लिहू नका

मी पहिल्यांदा शाखेत गेलो तेव्हा काउंटरवरचे उत्तर होते, ‘रक्कम फायनान्स कंपनीने मागितली आहे, तुम्ही त्यांच्याकडे जा.’ फायनान्स कंपनीचे उत्तर होते, ‘तुमच्या बँकेने पास केली, आम्ही काय करणार?’ दोघेही अर्धे खरे बोलत होते, आणि या अर्ध्या सत्यांमध्ये माणूस दोन आठवडे सहज फिरत राहतो.

नॅचमध्ये दोन बाजू असतात. हप्ता मागणारी संस्था आपल्या बँकेमार्फत मागणी पाठवते, आणि तुमची बँक त्या क्रमांकाचे चालू मँडेट आपल्याकडे आहे का ते पाहून रक्कम नावे टाकते. म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : रक्कम कापली गेली त्या दिवशी ते मँडेट तुमच्या बँकेत रद्द झालेले असायला हवे होते का?

मँडेट रद्द करण्याचे पत्र तुम्ही तुमच्या बँकेला आधी दिले असेल आणि त्याची पोच तुमच्याकडे असेल, तर जबाबदारी तुमच्या बँकेची आहे. ग्राहकाने मँडेट मागे घेतल्यानंतरही खाते नावे पडल्यास त्या नोंदीला ग्राहकाची बँकच जबाबदार राहील, असे रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. हे परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठीची कालमर्यादा आणि नुकसानभरपाई यांविषयी आहे आणि 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झाले. शाखेत त्याचा उल्लेख केल्यावर संभाषणाचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

याउलट मँडेट चालू असताना कंपनीने एकच हप्ता दोनदा मागितला असेल, किंवा कर्ज फिटल्याचे तुम्ही फक्त कंपनीला कळवले असेल आणि बँकेत काहीच दिले नसेल, तर तुमच्या बँकेने तुम्हीच दिलेल्या परवानगीप्रमाणे काम केलेले असते. तेव्हा परताव्याची मागणी कंपनीकडे करावी आणि बँकेला फक्त मँडेट रद्द करण्याचे पत्र द्यावे. येथे बँकेवर ठपका ठेवणारे पत्र दिल्यास ते सरळ फेटाळले जाते, आणि खरा पत्ता सापडेपर्यंत दिवस जातात.

एक इशारा येथेच देतो. चालू कर्जाचा हप्ता वादात आहे म्हणून संपूर्ण मँडेट रद्द करण्याचा किंवा खाते रिकामे ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. देणे असलेला हप्ता खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला, तर त्यावर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायदा 2007 च्या कलम 25 खाली, चेक न वटल्यासारखीच, फौजदारी तक्रार होऊ शकते. मँडेट रद्द करायचे ते कर्ज पूर्ण फिटल्यावर.

३. कालमर्यादा मोजा

वर सांगितलेल्या परिपत्रकात रद्द केलेल्या मँडेटच्या प्रकरणासाठी ‘टी अधिक 1’ अशी मुदत आहे. टी म्हणजे व्यवहाराचा दिवस, आणि तो कॅलेंडरप्रमाणे मोजायचा, बँकेच्या कामकाजाच्या दिवसांप्रमाणे नाही. ‘मध्ये दुसरा शनिवार आला’ हे कारण म्हणूनच चालत नाही.

आमची रक्कम सोमवारी 7 एप्रिल 2025 रोजी नावे पडली. म्हणजे ती परत जमा होण्याचा शेवटचा दिवस 8 एप्रिल. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने ग्राहकाला 100 रुपये द्यायचे असतात, आणि तेही ग्राहकाने तक्रार किंवा मागणी करण्याची वाट न पाहता. प्रत्यक्षात न मागता ते आम्हाला मिळाले नाहीत. तुम्हालाही बहुधा मागावेच लागतील, म्हणून पत्रात मागणी लिहा.

शंभर रुपये हा आकडा रक्कम कितीही मोठी असली तरी तोच राहतो. पाच लाख अडकले तरी दिवसाला शंभरच. त्यामुळे व्यवसायाच्या खात्यात खरे नुकसान या भरपाईतून भरून निघत नाही. ते व्याज, दंड आणि परत गेलेले चेक यांत असते आणि त्याची मागणी वेगळी मांडावी लागते.

४. नुकसान आकड्यांत मांडा

आमच्या सीसी खात्याची मर्यादा आठ लाख रुपये आहे. 7 एप्रिलच्या सकाळी त्यातले 7,41,000 रुपये वापरलेले होते, म्हणजे 59,000 रुपये शिल्लक होते. कागद पुरवठादाराला दिलेला 42,000 रुपयांचा चेक दुसऱ्या दिवशी वटायचा होता आणि त्यासाठी जागा पुरेशी होती. हप्त्याचे 48,600 रुपये अचानक गेल्यावर फक्त 10,400 रुपये उरले, आणि 8 एप्रिलला चेक ‘अपुरी रक्कम’ या शेऱ्यासह परत गेला. बँकेने चेक परतीचे 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 90 रुपये, असे 590 रुपये आमच्याच नावे टाकले. आपल्या चुकीबद्दल बँकेने आपल्यालाच दंड लावला, हे त्या दिवशी मला पचवणे कठीण गेले.

व्याजाचा हिशेब सोपा आहे. आमचा दर वार्षिक साडेदहा टक्के. 48,600 रुपयांवर वर्षाचे व्याज 5,103 रुपये होते, त्याला 365 ने भागले की दिवसाला सुमारे 14 रुपये येतात. रक्कम 25 एप्रिलला परत आली, म्हणजे 18 दिवस, आणि व्याज सुमारे 252 रुपये. आकडा लहान आहे. तरी मागावा, कारण तो मागितल्यानेच मूल्य तारखेचा मुद्दा नोंदीवर येतो. परत आलेल्या रकमेची मूल्य तारीख 7 एप्रिल धरली, तर व्याजाचा हिशेब आपोआप दुरुस्त होतो. 25 एप्रिल धरली, तर अठरा दिवसांचे व्याज तुमच्याच माथी राहते.

परत गेलेल्या चेकचे पैसे पुरवठादाराला लगेच दुसऱ्या मार्गाने द्या आणि त्याला कारण लेखी कळवा. बँकेची चूक हा तुमचा आणि बँकेचा प्रश्न आहे. पुरवठादाराच्या हाती मात्र न वटलेला चेक असतो, आणि त्याला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची नोटीस पाठवता येते. मी घरच्या बचत खात्यातून पैसे छपाईखान्याच्या खात्यात भरले आणि 9 एप्रिलला त्याला एनईएफटी केली.

५. कागदपत्रे जमवा

पत्रासोबत पुढील कागद जोडावेत, आणि प्रत्येकावर क्रमांक घालून पत्रात त्याच क्रमांकाने उल्लेख करावा.

- चुकीची नोंद असलेले खातेउताऱ्याचे पान, नोंदीवर खूण केलेले. शक्य असल्यास आधीच्या आणि नंतरच्या दोन दिवसांसह.
- मँडेट रद्द करण्याच्या पत्राची, बँकेचा आवक शिक्का असलेली प्रत. ऑनलाइन रद्द केले असल्यास त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पुष्टीचा संदेश.
- कर्ज फिटल्याचे नादेय प्रमाणपत्र. आमचे 4 मार्चचे होते.
- परत गेलेल्या चेकसोबत मिळालेला मेमो आणि दंडाची नोंद.
- मँडेटचा यूएमआरएन असलेला कागद किंवा स्क्रीनचे चित्र.

यांतला दुसरा कागद सगळ्यांत वजनदार आहे. आमच्याकडे तो होता म्हणून प्रकरण सुटले. 12 मार्चला पत्र देताना काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ‘प्रत कशाला, मी करून टाकतो’ असे म्हटले होते. मी तरीही प्रतीवर शिक्का मारून घेतला होता. नंतर असे निघाले की पत्र फाइलमध्ये लागले होते, पण संगणकात मँडेट रद्द झालेच नव्हते, आणि कंपनीनेही आपल्या यादीतून ते काढले नव्हते. पत्र स्वीकारले जाणे आणि मँडेट रद्द होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. तेव्हापासून मी पत्र दिल्यावर आठवड्याने नेट बँकिंगच्या यादीत मँडेटची स्थिती पाहतो.

६. पत्र लिहा

पत्र संस्थेच्या लेटरहेडवर असावे आणि त्यावर खात्यात नोंदलेल्या अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचीच सही असावी. आमच्याकडे दोन भागीदारांच्या संयुक्त सहीने खाते चालते. पहिले पत्र मी एकट्याने सही करून नेले आणि ते दुसऱ्या सहीसाठी परत आले. हिशेबनीसाच्या सहीचे पत्र तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. सहीजवळ रबरी शिक्का हवा.

महाराष्ट्रातील शाखेत मराठी पत्र चालते. मात्र नॅचचे काम पाहणारा विभाग बहुधा दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या राज्यात असतो, म्हणून तपशिलांचा अर्ध्या पानाचा इंग्रजी तक्ता मागे जोडलेला बरा. आम्ही दिलेल्या पत्राचा मजकूर, नावे आणि क्रमांक वगळून, असा होता :

दिनांक : 9 एप्रिल 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँकेचे व शाखेचे नाव)

विषय : सीसी खाते क्रमांक (…) मधून रद्द केलेल्या नॅच मँडेटवर दि. 7 एप्रिल 2025 रोजी चुकीने नावे टाकलेली रु. 48,600 ची रक्कम परत जमा करण्याबाबत.

महोदय,

आमच्या वरील खात्यातून दि. 7 एप्रिल 2025 रोजी रु. 48,600 (अक्षरी रुपये अठ्ठेचाळीस हजार सहाशे फक्त) इतकी रक्कम नॅचद्वारे नावे टाकण्यात आली आहे. नोंदीचा संदर्भ क्रमांक (…), मँडेटचा यूएमआरएन (…) आणि मूल्य तारीख 7 एप्रिल 2025 अशी आहे (जोडपत्र 1).

ज्या कर्जासाठी हे मँडेट दिले होते, ते कर्ज दि. 28 फेब्रुवारी 2025 रोजी पूर्ण फेडले असून त्याचे नादेय प्रमाणपत्र सोबत आहे (जोडपत्र 2). मँडेट रद्द करण्याचे आमचे पत्र दि. 12 मार्च 2025 रोजी आपल्या शाखेने स्वीकारले असून आवक शिक्क्याची प्रत जोडली आहे (जोडपत्र 3). त्यामुळे 7 एप्रिल रोजी या मँडेटवर रक्कम नावे टाकण्याचा अधिकार बँकेस नव्हता.

रिझर्व्ह बँकेच्या दि. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार मँडेट मागे घेतल्यानंतर पडलेल्या नावे नोंदीची जबाबदारी ग्राहकाच्या बँकेची आहे आणि तिचे निराकरण व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे 8 एप्रिल 2025 पर्यंत, व्हावयास हवे होते. ती मुदत संपली आहे.

या नोंदीमुळे खात्यात पुरेशी मर्यादा न उरल्याने आमचा रु. 42,000 चा चेक क्रमांक (…) दि. 8 एप्रिल रोजी परत गेला आणि त्यापोटी रु. 590 आमच्या नावे टाकण्यात आले (जोडपत्र 4).

तरी विनंती की,
(1) रु. 48,600 ही रक्कम 7 एप्रिल 2025 या मूल्य तारखेने खात्यात जमा करावी;
(2) चेक परतीचे, जीएसटी धरून एकूण रु. 590 परत जमा करावेत;
(3) 9 एप्रिल 2025 पासून रक्कम जमा होईपर्यंत प्रतिदिन रु. 100 प्रमाणे नुकसानभरपाई द्यावी;
(4) सदर मँडेट आपल्या प्रणालीत रद्द झाल्याची लेखी पुष्टी द्यावी.

रक्कम दि. 16 एप्रिल 2025 पर्यंत जमा न झाल्यास हे प्रकरण आम्ही बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांकडे नेऊ. आमच्या पत्राचा तक्रार क्रमांक कृपया कळवावा.

आपले,
(संस्थेच्या वतीने, दोन्ही भागीदारांच्या सह्या व शिक्का)

या पत्रातील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, परिपत्रकाची मुदत आणि आम्ही दिलेली 16 एप्रिलची मुदत वेगवेगळ्या आहेत. पहिली रिझर्व्ह बँकेची आहे आणि ती संपली आहे, दुसरी फक्त पुढची पायरी कधी चढणार हे सांगते. ती दिल्याने पहिल्या मुदतीवरचा हक्क सोडला जाऊ नये, म्हणून भरपाईची मागणी 9 एप्रिलपासूनच केली आहे. दुसरी, ‘मानसिक त्रास’ वगैरे मजकूर यात नाही. मी तो पहिल्या कच्च्या मसुद्यात लिहिला होता आणि सनदी लेखापाल असलेल्या मित्राने खोडला. ज्याचा आकडा आणि कागद आहे तेवढेच ठेवल्यास बँकेला नाही म्हणायला जागा कमी उरते.

७. पत्र द्या आणि तक्रार क्रमांक मिळवा

पत्र शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. त्याच दिवशी बँकेच्या संकेतस्थळावरील तक्रार विभागातही हाच मजकूर नोंदवा, कारण शाखेत दिलेल्या कागदाला क्रमांक मिळेलच असे नाही, पण ऑनलाइन तक्रारीला तो लगेच मिळतो. पुढच्या प्रत्येक पत्रव्यवहारात तोच क्रमांक वापरायचा, नवी तक्रार उघडायची नाही. नव्या तक्रारीने जुनी बंद होते आणि दिवस पुन्हा शून्यापासून मोजले जातात, असा प्रकार माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराबाबत घडला आहे.

फायनान्स कंपनीलाही त्याच दिवशी ई-मेल करा, पण परताव्यासाठी नव्हे, तर कर्ज फिटले असूनही मागणी पाठवल्याचे कळवण्यासाठी आणि पुढच्या महिन्याची मागणी थांबवण्यासाठी. कंपनीने पैसे थेट तुमच्या खात्यात परत केले आणि बँकेनेही केले, असे कधी होते. दोनदा आलेली रक्कम वापरू नका, ताबडतोब बँकेला लेखी कळवा, कारण ती नंतर तुम्हाला न विचारता काढली जाते आणि पुन्हा एखादा चेक परत जातो.

हिशेबाच्या पुस्तकात ही रक्कम कर्जखात्यात किंवा खर्चात टाकू नका. आमच्या हिशेबनीसाने सवयीने हप्ता समजून ती कर्जखात्यात टाकली आणि फिटलेल्या कर्जात उलटी शिल्लक दिसू लागली. ‘बँकेकडून येणे’ असे स्वतंत्र खाते उघडून त्यात ठेवावी, म्हणजे तिथली शिल्लक शून्य झाली की सगळे परत आले हे कळते.

८. उत्तर न आल्यास पुढे कुठे जावे

16 एप्रिलपर्यंत आम्हाला ‘चौकशी सुरू आहे’ एवढेच उत्तर आले. 17 एप्रिलला आम्ही बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, तक्रार क्रमांकासह ई-मेल केला. त्याचे नाव आणि पत्ता शाखेतील फलकावर आणि बँकेच्या संकेतस्थळावर असतो. 25 एप्रिलला मूळ रक्कम आली, पण मूल्य तारीख 25 एप्रिलचीच होती आणि बाकी मागण्यांवर काहीच नव्हते. तक्रार मात्र ‘निकाली’ म्हणून बंद झाली होती. अशा वेळी समाधान मानून थांबण्याचा मोह होतो. आम्ही त्याच क्रमांकावर लिहिले की चारपैकी तीन मागण्या बाकी आहेत आणि तक्रार पुन्हा उघडावी. मेच्या पहिल्या आठवड्यात 590 रुपये आणि व्याजाची दुरुस्ती आली, मँडेट रद्द झाल्याचे पत्रही मिळाले. 9 ते 25 एप्रिल या सतरा दिवसांचे 1,700 रुपये मात्र नोडल अधिकाऱ्याला दुसऱ्यांदा लिहिल्यावर 12 मे रोजी जमा झाले.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रार `cms.rbi.org.in` वर नोंदवता येते किंवा चंदीगड येथील केंद्रीय स्वीकृती केंद्राकडे टपालाने पाठवता येते, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे आणि यासाठी शुल्क नाही. दोन गोष्टींमुळे येथे तक्रारी परत येतात. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसणे ही एक, आणि 30 दिवस पूर्ण होण्याआधी घाई करणे ही दुसरी. वकिलामार्फत तक्रार दाखल करता येत नाही, ती खातेदाराने स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीने करायची असते. आणि 30 दिवस झाल्यावर ती महिनोन्‌महिने पडून ठेवू नये, कारण लोकपालाकडे जाण्यालाही मुदत आहे.

तुमचे व्यवसायाचे खाते पतसंस्थेत असेल, तर हा मार्ग लागू होत नाही. पतसंस्था बँक नसते, ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, आणि तिच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते.

मूळ रक्कम आली त्या दिवशी उताऱ्याचे नवे पान काढून त्यावर दोन्ही नोंदी, नावे आणि जमा, मूल्य तारखांसह शेजारी पाहा. आमच्या फाइलमध्ये आता हेच पान सर्वांत वर लावलेले आहे, आणि त्याखाली 12 मार्चच्या पत्राची शिक्क्याची प्रत.